बोलणं एका क्लिकवर, पडदा दुसऱ्याच: कॅल्कच्या व्हिडिओची संहिता कशी बदलू?

पोथीवाली

आमच्या तालुक्यातल्या वाचनालयांनी दाखल नोंदवही आता लिबरऑफिस कॅल्कमध्ये ठेवायला घेतली आहे. ग्रंथपाल बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. त्यांच्यासाठी मी छोटे व्हिडिओ करते. सध्याचा व्हिडिओ ‘प्रकार’ या कॉलमला ड्रॉपडाउन कसा लावायचा यावर आहे. कोणी ‘चरित्र’ लिहितं, कोणी ‘चरीत्र’, मग फिल्टर लावला की एकाच प्रकारची दोन नावं दिसतात. ते टळावं एवढाच हेतू.

व्हिडिओ पाहून एका काकूंचा फोन आला, “बाई, तू बोलतेस ते दिसत नाही आणि दिसतं ते तू बोलत नाहीस.” मी सावकाश वाचून पुन्हा रेकॉर्ड केलं. तक्रार तीच. आत्ताची संहिता अशी आहे:

“आता आपण प्रकार या कॉलममधील सेल सिलेक्ट करून Data मेनूमधून Validity हा पर्याय निवडू व त्यामध्ये List निवडून आवश्यक त्या नोंदी टाइप करून OK वर क्लिक करू. Error Alert टॅबमध्ये आपल्याला हवा तो संदेशही देता येतो. यामुळे आता प्रत्येक सेलमध्ये ड्रॉपडाउन दिसू लागेल.”

व्याकरणात मला तरी काही खटकत नाही. मग घोडं अडतंय कुठे?

खटपट्या

संहितेला हात लावू नका, एडिटिंगमध्ये होऊन जाईल. केडेनलाइव्ह किंवा ओपनशॉट घ्या, जिथे पडदा पुढे पळतो तिथली चौकट गोठवा आणि बोलणं संपेपर्यंत ताणा. मी दुकानाच्या बिलिंगचे सगळे व्हिडिओ असेच नीट केलेत. दहा मिनिटांचं काम.

रानवारा

सबटायटल मागेपुढे होत असतील तर .srt फाइल नोटपॅडमध्ये उघडा, प्रत्येक ओळीवर वेळ लिहिलेली असते, ती हाताने बदलता येते. मी मुलीच्या नाचाच्या व्हिडिओला तसंच केलं होतं.

पोथीवाली

रानवारा, सबटायटल नाहीतच हो. आवाज आणि माउस यांचं जमत नाहीये.

खटपट्या, गोठवून पाहिलं. Validity ची खिडकी उघडते तिथे चित्र थांबवलं, पण माझं वाक्य तेव्हा List वर पोचलेलं असतं आणि पडद्यावर List अजून दिसतच नाही. कुठली चौकट गोठवायची तेच कळेना.

माईकमागे

कळणार नाहीच, कारण तुमच्या एका वाक्यात पाच चौकटी आहेत. खटपट्यांचा उपाय खोटा नाही, पण तो एक वाक्य आणि एक क्लिक अशी जोडी आधीच जमलेली असेल तिथेच चालतो. बिलिंगच्या व्हिडिओत तशी जमली असणार.

मी काही वर्षं आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पासाठी मराठी डबिंग केलं. तिथे संहिता दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे पडद्यावर काय घडतं ते, उजवीकडे त्या वेळी काय बोलायचं ते. दिसायला साधी गोष्ट आहे, पण तुमची संहिता त्या दोन रकान्यांत घालायला बसा, म्हणजे लगेच कळेल की डावीकडे पाच ओळी होतात आणि उजवीकडे एकच वाक्य.

मराठीत हे का होतं ते सांगतो. आपल्याकडे ‘करून’, ‘निवडून’, ‘टाइप करून’ अशी माळ लावायची सोय आहे. क्रियापद येतं ते शेवटी एकदाच. लेखात हे छान वाटतं. पण ऐकणाऱ्याचा हात ‘करा’ ऐकल्याशिवाय हलत नाही. तुमच्या वाक्यात सिलेक्ट करून, निवडू, निवडून, टाइप करून, क्लिक करू असे पाच टप्पे आहेत, आणि काकू हात वर धरून शेवटच्या शब्दाची वाट बघत बसल्या आहेत. तोवर तुमचा माउस खिडकी उघडून, भरून, बंद करून मोकळा. सावकाश वाचून काय होणार? वाट बघणं तेवढं लांबतं.

म्हणून पहिलं काम, संहितेतल्या प्रत्येक ‘ऊन’खाली पेन्सिलीने रेघ मारा. त्याआधी पडदा बदलत असेल तर तिथे वाक्य तोडा. बदलत नसेल तर राहू द्या. ‘Shift दाबून ठेवून’ मधलं ‘ऊन’ तोडायचं कारण नाही, तिथे एकाच वेळी दोन बोटं काम करतात.

दुसरं, ‘करू’ आणि ‘करा’ यांतलं एकच ठेवा. तुम्ही दाखवताय की समोरच्याने करायचंय, हे दर वाक्याला बदललं की माणूस गोंधळतो.

पोथीवाली

रेघा मारल्या, पान लाल झालं! दोन रकाने जमले तसे केलेत. बघा बरं:

पडद्यावर: D2 ते D20 ड्रॅग.
निवेदन: D2 पासून D20 पर्यंतचे सेल निवडा.

पडद्यावर: Data मेनू.
निवेदन: वरच्या Data मेनूवर क्लिक करा.

पडद्यावर: Validity.
निवेदन: Validity वर क्लिक करा.

पडद्यावर: List.
निवेदन: Allow मध्ये List निवडा.

पडद्यावर: नोंदी.
निवेदन: कादंबरी, कथा, कविता, चरित्र, बालसाहित्य असे प्रकार टाइप करा.

पडद्यावर: OK.
निवेदन: OK वर क्लिक करा. आता प्रत्येक सेलमध्ये ड्रॉपडाउन दिसू लागेल.

Error Alert चं वाक्य कुठे बसवू ते कळलं नाही, म्हणून तूर्त वगळलंय.

माईकमागे

क्लिक बहुतेक सगळे आले. पण पडदा फक्त क्लिकने बदलत नाही, आणि कधीकधी क्लिक करूनही बदलत नाही. डावा रकाना आठवणीतून लिहिलेला दिसतोय. कॅल्क उघडा, एकेक कृती करा, हात बाजूला ठेवा आणि दिसेल ते लिहा. मी आत्ता करून पाहिलं, मला दिसलं ते असं.

Validity... वर क्लिक केल्यावर खिडकी उघडते. त्यात Criteria हा टॅब आधीच समोर असतो, तिथे काही दाबायचं नाही. पण ते बोललं नाहीत तर नवखा माणूस कुठला टॅब हे शोधत बसतो. म्हणून डावीकडे ‘खिडकी उघडली, Criteria समोर’ आणि उजवीकडे ‘Validity ची खिडकी उघडेल. Criteria हा टॅब आधीच उघडा आहे.’ ही बिनक्लिकची ओळ, पण हवी.

पुढे Allow समोर All values लिहिलेलं असतं. तुम्ही एकदम ‘List निवडा’ म्हणता, पण List तिथे दिसतच नाही. आधी All values वर क्लिक, मग यादी खाली उघडते, मग त्यात List. दोन क्लिक, दोन ओळी.

List निवडलं की खाली Entries नावाची मोठी चौकट नव्याने येते. आधी ती नव्हती. तुमच्या संहितेत तिचं नावच नाही. टाइप करायचं कुठे, हा प्रश्न तिथेच पडतो. ‘खाली Entries ची चौकट आली. तिच्यात क्लिक करा.’ एवढं पुरे.

प्रकार तुम्ही स्वल्पविराम देऊन वाचताय. पडद्यावर मात्र प्रत्येक प्रकार वेगळ्या ओळीत लागतो. ऐकणारी बाई ‘कादंबरी, कथा, कविता’ असं एकाच ओळीत लिहील आणि तिच्या ड्रॉपडाउनमध्ये तेवढा एकच लांबलचक पर्याय येईल. ‘कादंबरी टाइप करा. Enter दाबा. कथा टाइप करा. Enter दाबा.’ असं दोनदा स्वच्छ बोला आणि मग ‘बाकीचे प्रकार याच पद्धतीने’ म्हणून गप्प बसा, पडद्यावर टायपिंग चालू द्या. Entries मध्ये Enter दाबल्याने खिडकी बंद होत नाही, हेही एकदा सांगून टाका, त्याची लोकांना धास्ती असते.

आणि कादंबरी मराठीत कशी उमटली? तुम्ही कीबोर्डची भाषा बदलली असणार. विंडोजवर Windows कळ धरून Space दाबलं की बदलते. पडद्याच्या कोपऱ्यातली एवढीशी खूण बदलते, आणि तुम्ही फक्त कॅल्कची खिडकी रेकॉर्ड करत असाल तर तीही दिसत नाही. न दिसणारी पायरी तोंडाने सांगावीच लागते.

आता शेवटचं वाक्य. ‘प्रत्येक सेलमध्ये ड्रॉपडाउन दिसू लागेल’ हे कॅल्कमध्ये घडत नाही. OK केल्यावर खिडकी बंद होते आणि कॉलम जवळजवळ पूर्वीसारखाच दिसतो. बाण फक्त ज्या सेलवर आपण उभे आहोत त्याच्या उजव्या कडेला येतो. तुमचं वाक्य ऐकून माणूस एकोणीस बाण शोधतो, ते नसतात, आणि आपलंच काहीतरी बिनसलं असं समजून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून तीन ओळी: ‘OK वर क्लिक करा. खिडकी बंद होईल.’ मग ‘D2 वर क्लिक करा. उजव्या कडेला बाण दिसेल.’ मग ‘बाणावर क्लिक करा. आपले प्रकार खाली उघडतील.’

पोथीवाली

बाणाचं ऐकून उठून फोन शोधला! काकू नेमकं हेच म्हणाल्या होत्या, “माझ्याकडे एकाच ठिकाणी आला, बाकीचे कुठे गेले?” मला वाटलं त्यांचा कॉलम नीट सिलेक्ट झाला नसेल.

पगारपत्रक

आमच्या ऑफिसात नवी हजेरी प्रणाली आली, तिच्या व्हिडिओत याहून वाईट प्रकार आहे. ब्राउझरमध्ये चालते. Submit दाबलं की चकरी फिरते, कधी दोन सेकंद, कधी पंधरा. व्हिडिओत ती कापून टाकलीये. निवेदक म्हणतो, “Submit करा आणि क्रमांक लिहून घ्या.” आमच्याकडे चकरीच फिरतेय, म्हणून माणसं पुन्हा Submit दाबतात. एकेकाच्या दोन दोन रजा पडल्या आहेत. हे कसं लिहायचं?

माईकमागे

चकरी हीसुद्धा पडद्यावरची एक अवस्था आहे. तिची ओळ हवीच. ‘Submit वर एकदाच क्लिक करा. चकरी फिरत असताना काहीही दाबू नका. क्रमांक दिसला की अर्ज पोचला.’ चित्र कापलं तरी चालेल, वाक्य कापू नका. आकडा मात्र सांगू नका, ‘पाच सेकंद थांबा’ म्हटलं की सहाव्या सेकंदाला बोट खाली येतंच. काय दिसेपर्यंत थांबायचं ते सांगा.

शांताराम मास्तर

मी दृष्टिहीन आहे, शाळेत शिकवतो, संगणक स्क्रीन रीडरवर चालवतो. आपले व्हिडिओ मी फक्त ऐकतो. ‘इथे क्लिक करा’, ‘या बटणावर जा’, ‘असं दिसेल’ ही वाक्यं आमच्यासाठी कोरी असतात. पोथीवालीबाईंच्या नव्या संहितेत तसं काही नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. तरी एक सुचवू का? ‘वरच्या Data मेनूवर क्लिक करा’ याच्या जोडीला ‘किंवा Alt धरून D दाबा’ एवढं घातलंत तर आम्हीही बरोबर चालू. आणि बटणाचं नाव रीडर जसं वाचतो तसंच घ्या. पडद्यावर Entries असेल आणि निवेदनात ‘नोंदींची चौकट’ म्हटलंत तर मी नोंदी नावाचं काहीतरी शोधत बसतो.

खटपट्या

मास्तरांचं बरोबर आहे, पण प्रत्येक ओळीत क्लिक आणि कळ दोन्ही सांगायला लागलो तर व्हिडिओ संपायचा कधी? आधीच दोन मिनिटांचा पाच मिनिटांवर गेला. ‘खिडकी उघडेल’, ‘खिडकी बंद होईल’... डोळे आहेत ना लोकांना! जाणता माणूस दुसऱ्या मिनिटाला बंद करेल.

पोथीवाली

जाणत्यांसाठी नाहीच तो. पण लांबीची काळजी मलाही आहे. सगळ्या ‘उघडेल, दिसेल’ ठेवायच्या का?

माईकमागे

माझा आपला एक निकष आहे. बदल क्लिकच्या जागीच घडला तर बोलायचं नाही. मेनूवर क्लिक केलं आणि मेनूच खाली उघडला, तर नजर तिथेच असते. पण बदल दुसरीकडे घडला, उशिरा घडला किंवा घडलाच नाही, तर बोलायचं. Entries ची चौकट Allow च्या खाली येते आणि नजर अजून Allow वर असते, म्हणून ती बोलायची. हे ऐकणाऱ्या माणसाला मात्र पुरत नाही, मास्तरांना मेनू उघडल्याचंही सांगितलेलं बरंच पडेल. दोघांचं एका व्हिडिओत कसं जमवायचं याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. सुरुवातीलाच सगळ्या कळा एकदा सांगून टाकणारे लोक आहेत, पण तिसऱ्या मिनिटाला त्या लक्षात कुणाच्या राहतात?

शांताराम मास्तर

राहत नाहीत. व्हिडिओखालच्या वर्णनात कळांसकट लेखी पायऱ्या दिल्यात तरी माझं भागतं. रीडर त्या वाचून दाखवतो.

पोथीवाली

ते नक्की करते. आणि Error Alert? ती सोय चांगली आहे, सोडवत नाही.

खटपट्या

नुसता उल्लेख ठेवा की. माहिती म्हणून. ज्याला हवं तो बघेल.

माईकमागे

इथे नाही पटत. तुम्ही Error Alert म्हणालात की निम्मे लोक त्या टॅबवर क्लिक करणार. तुमचा पडदा Criteria वरच आहे. पुढचं वाक्य ‘OK वर क्लिक करा’ येतं तेव्हा ते भलत्याच पानावर असतात, आणि तिथे संदेश लिहायची रिकामी जागा बघून काही तरी लिहून मोकळे होतात. खिडकी उघडी असताना तिच्यातल्या न वापरायच्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही. एक तर टॅबवर जाऊन, संदेश टाइप करून दाखवा, त्याच्या तीन-चार ओळी वाढतील. नाही तर पुढच्या व्हिडिओत घ्या.

खटपट्या

म्हणजे काहीच आगाऊ सांगायचं नाही? मी तर सुरुवातीलाच सांगतो की याने काय काय होतं.

माईकमागे

सुरुवातीला सांगा ना, तेव्हा कॅल्कच पडद्यावर नसतं. शीर्षकाच्या पाटीवर काय हवं ते बोला.

रानवारा

माझा आधीचा प्रतिसाद भलतीकडेच गेला, सोडून द्या. पण एक विचारतो, आधी आवाज रेकॉर्ड करायचा की आधी पडदा?

खटपट्या

आधी पडदा, शांतपणे. मग तो बघत बघत बोलायचं. कायम.

माईकमागे

मी उलट सांगेन, पण दोन्ही चालतं. डबिंगमध्ये पडदा आधी ठरलेला असतो, आणि त्याचा त्रास मी भोगलाय. मूळ इंग्रजी व्हिडिओत ‘क्लिक ऑन ओके’ म्हणून संपलं की लगेच खिडकी बंद होते. आपलं ‘OK वर क्लिक करा’. OK हा शब्द आधी येतो, करा शेवटी. त्या दोन शब्दांत खिडकी नाहीशी झालेली असते आणि मी गेलेल्या बटणावर क्लिक करा म्हणत असतो. स्वतःचा मराठी व्हिडिओ करताना ही अडचण मुळात ओढवून कशाला घ्यायची? आधी आवाज घ्या, तो कानात लावून पडदा रेकॉर्ड करा. ‘Data’ ऐकू आलं की माउस Data वर न्या आणि थांबा. ‘करा’ संपलं की क्लिक. बटणाचं नाव वाक्यात आधी येतं याचा हा फायदाच आहे, बघणाऱ्याची नजर क्लिकआधी जागेवर पोचलेली असते. क्लिकनंतर पुढचं वाक्य सुरू होण्याआधी सेकंदभर शांतता हवी, नवी खिडकी वाचायला तेवढा वेळ लागतो.

पोथीवाली

सगळं नव्याने लिहून काल आमच्या वाचनालयातल्या शिपाईदादांवर प्रयोग केला. व्हिडिओ नाही, मी नुसती उजवा रकाना वाचत गेले आणि ते कॅल्कवर करत गेले. जिथे त्यांचा हात थांबला तिथे खूण केली. मध्ये बोलायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं, ते फार जड गेलं! दोनच ठिकाणी अडले. एक म्हणजे ‘D2 पासून D20 पर्यंतचे सेल निवडा’, निवडायचे कसे ते मी सांगितलंच नव्हतं. आता ‘D2 वर माउसचं डावं बटण दाबून धरा. D20 पर्यंत खाली ओढा. बटण सोडा.’ असं केलंय.

दुसरं म्हणजे त्यांना Data चा मेनूच सापडेना. म्हणजे Data होतं, पण क्लिक केल्यावर खाली यादी उघडण्याऐवजी वर चित्रांची पट्टी आली.

खटपट्या

कोणीतरी त्या संगणकावर टॅबवाली मांडणी लावली असणार. View मध्ये User Interface... आहे, तिथून Standard Toolbar निवडा, मेनू परत येतील.

माईकमागे

बरोबर. संहितेच्या वर, पहिल्या ओळीच्याही आधी, पडदा कसा असायला हवा ते लिहा. कुठली मांडणी, कुठली फाइल उघडी आहे, ‘प्रकार’ हा D कॉलम आहे. निवेदनात त्यातलं एकच वाक्य पुरे, ‘तुमच्या पडद्यावर वर File, Edit, View असे मेनू दिसत आहेत ना, बघा.’

पगारपत्रक

मी पण करून पाहिलं, ड्रॉपडाउन आला. पण माझ्या कॉलममध्ये आधीपासून चुकीचं लिहिलेलं होतं ते तसंच राहिलं, कॅल्क हूं की चूं करेना. काही राहिलं का माझं?

पोथीवाली

नाही, ते तसंच असतं. Validity फक्त नव्याने टाइप कराल त्याला अडवतं. जुन्या नोंदी शोधायला Tools मध्ये Detective, त्यात Mark Invalid Data. चुकीच्या सेलभोवती वर्तुळं येतात, मग एकेक दुरुस्त करायचं. आमच्या नोंदवहीत जुन्या नोंदीच जास्त, त्यामुळे पुढचा व्हिडिओ त्याचाच करणार आहे. डावा रकाना आत्ता कॅल्क उघडून लिहितेय, आणि पहिल्याच ओळीला प्रश्न: Detective वर माउस नेला की बाजूला दुसरा मेनू आपोआप उघडतो, क्लिक न करता. तिथे ‘क्लिक करा’ म्हणू की ‘माउस न्या’?

शांताराम मास्तर

माझ्यासाठी दोन्ही नको, उजवा बाण दाबल्यावर तो उघडतो.

माईकमागे

‘माउस न्या’ म्हणा आणि पडद्यावरही क्लिक करू नका. उजव्या बाणाचं मास्तरांसाठी वर्णनात टाका.